लॉग समीकरणातला गुणांक आणि ‘टक्के’ हा शब्द

प्रश्न : एम.ए.च्या सरावासाठी अमेरिकेतील १९७६ च्या ५२६ कामगारांची माहिती वापरली. डाव्या बाजूला तासाच्या पगाराचा लॉग, उजवीकडे स्त्री असल्यास १ अशी डमी, शिवाय शिक्षण, अनुभव वगैरे. डमीचा गुणांक −०.२९७ आला. मी लिहिलं, “स्त्रियांना २९.७ टक्के कमी पगार मिळतो.” सरांनी ‘टक्के’ या शब्दाभोवती गोल केला, पण शिक्षणाच्या ०.०८० या गुणांकाला मी ‘८ टक्के’ म्हटलं तिथे काहीच खूण केली नाही. दोन्ही वाक्यं एकाच पद्धतीची आहेत. मग एकच का चुकलं? तिथे कोणता शब्द वापरायचा?

उत्तर : सरांचा गोल योग्य जागी आहे. शब्द ‘टक्के’च राहू द्या, आकडा बदला. २९.७ च्या जागी २५.७ लिहा. हे का, ते समजलं की पुढची बरीचशी वाक्यं तुमची तुम्हालाच तपासता येतील.

‘टक्के’ हा शब्द एकटा अर्थ देत नाही. तो नेहमी ‘कशावर?’ या प्रश्नाचं उत्तर बरोबर घेऊन येतो. शाळेच्या अंकगणितात शेकडा नफा-तोटा खरेदीच्या किमतीवर काढायचा, असं बजावून सांगितलेलं असतं ते यासाठीच. शंभराची वस्तू सव्वाशेला विकली तर खरेदीवर २५ टक्के नफा होतो, पण विक्रीच्या किमतीवर तोच नफा २० टक्के भरतो. रुपये तेच पंचवीस, फक्त खालचा आकडा बदलला.

आता तुमचा −०.२९७ पाहा. समीकरणात पगाराचा नैसर्गिक लॉग आहे, म्हणून हा गुणांक म्हणजे दोन लॉगमधली वजाबाकी. लॉगची वजाबाकी म्हणजे मूळ आकड्यांचा भागाकार. तो भागाकार परत मिळवायचा तर `exp(-0.297)` काढायचं, ते येतं ०.७४३. म्हणजे शिक्षण, अनुभव आणि त्याच नोकरीतली वर्षं सारखी धरली, तर पुरुषाच्या दर १०० सेंटमागे स्त्रीला साधारण ७४.३ सेंट. पुरुषाचा पगार पाया धरला, तर २५.७ टक्के कमी.

हेच उलट बाजूने म्हणा. स्त्रीचा पगार पाया धरला तर `exp(0.297)` म्हणजे १.३४६, अर्थात पुरुषाला ३४.६ टक्के जास्त. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि एकाच गुणांकातून आली आहेत. तुमचा २९.७ हा आकडा या दोघांच्या मधे बसतो. तो ना पुरुषाच्या पगारावरचा टक्का, ना स्त्रीच्या. ५२६ जणांत डमी उलटी करून पुरुषाला १ दिला, तरी गुणांक +०.२९७ च येईल. लॉगला दोन्ही दिशा सारख्या, टक्क्याला नाहीत. म्हणून गुणांकाला नुसते १०० ने गुणून ‘टक्के कमी’ किंवा ‘टक्के जास्त’ म्हटलं, की ‘कशावर?’ याचं उत्तर हरवतं.

मग ०.०८० ला ८ टक्के का चाललं? कारण आकडा लहान आहे. `exp(0.080)` उणे १ म्हणजे ०.०८३, म्हणजे शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे काटेकोरपणे ८.३ टक्के. ८ आणि ८.३ यांतला फरक अहवालात कुणी मोजत नाही. गुणांक ०.१ च्या आत असेल तर ‘सुमारे’ लावून १०० ने गुणायला हरकत नाही. ०.२ च्या पुढे मात्र ‘सुमारे’ने चूक झाकली जात नाही. शिक्षणाचंच उदाहरण घ्या, चार वर्षांचा फरक सांगायचा झाला तर ८ गुणिले ४ करून ३२ टक्के म्हणू नका. आधी गुणांकाला ४ ने गुणा, मग `exp(0.32)` उणे १ काढा. उत्तर ३७.७ टक्के येतं.

डमीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. शिक्षण थोडं थोडं वाढू शकतं, त्यामुळे ‘अगदी लहान बदलाला इतका टक्का’ असा अर्थ तिथे लावता येतो. डमी ० वरून थेट १ वर उडी मारते, मधली जागाच नाही. हॅल्व्होर्सन आणि पामक्विस्ट यांनी १९८० मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये नेमकं हेच मांडलं आणि डमीसाठी `exp(b) - 1` हे सूत्र दिलं. पुढच्याच वर्षी केनेडी यांनी त्यात सुधारणा सुचवली. गुणांक हा स्वतः अंदाज असतो, आणि अंदाजाचा `exp` घेतला की उत्तर थोडं वर झुकतं. म्हणून आधी गुणांकातून त्याच्या विचरणाचा निम्मा भाग वजा करायचा. तुमच्याकडे प्रमाण त्रुटी ०.०३६ च्या आसपास असेल. तिचा वर्ग केला आणि निम्मा केला तर ०.०००६, म्हणजे २५.७० च्या जागी २५.७४. इथे ती सुधारणा सोडून द्या. गटात मोजकीच माणसं असतील आणि प्रमाण त्रुटी ०.३ वगैरे असेल, तेव्हा मात्र वजा करायचा भाग ०.०४५ होतो आणि तो करायलाच हवा.

विश्वासमर्यादा सांगतानाही हीच काळजी घ्या. आधी लॉगमध्ये दोन टोकं काढा (−०.३६८ आणि −०.२२६), मग दोन्ही टोकांचं रूपांतर करा. ‘२०.२ ते ३०.८ टक्के कमी’ असं उत्तर येतं. २५.७ हा आकडा या मर्यादेच्या बरोबर मधे नाही, आणि तसाच असायला हवा.

आर वापरत असाल तर सगळं एवढ्यात होतं :

```r
library(wooldridge)
m <- lm(lwage ~ female + educ + exper + expersq +
          tenure + tenursq, data = wage1)
100 * (exp(coef(m)["female"]) - 1)
100 * (exp(confint(m)["female", ]) - 1)
```

सर्वात जास्त चुका मी पाहते त्या एकाहून अधिक डमी असताना. याच माहितीत लिंग आणि लग्न मिळून चार गट केले आणि अविवाहित पुरुष आधारगट धरला, तर विवाहित पुरुषांचा गुणांक ०.२१३ येतो आणि विवाहित स्त्रियांचा −०.१९८. टक्क्यांत सांगायचं तर अविवाहित पुरुषांपेक्षा विवाहित पुरुषांना २३.७ टक्के जास्त आणि विवाहित स्त्रियांना १८.० टक्के कमी. आता कुणी विचारलं, विवाहित पुरुष आणि विवाहित स्त्रिया यांच्यात किती अंतर? हात आपोआप २३.७ आणि १८.० च्या बेरजेकडे जातो आणि ‘४१.७ टक्के’ लिहून होतं. ती बेरीज करता येत नाही, कारण दोन्ही टक्के अविवाहित पुरुषाच्या पगारावरचे आहेत आणि प्रश्न विवाहित पुरुषाच्या पगारावरचा आहे. वजाबाकी गुणांकांची करायची : −०.१९८ उणे ०.२१३ म्हणजे −०.४११. मग `exp(-0.411)` म्हणजे ०.६६३. विवाहित स्त्रियांना विवाहित पुरुषांपेक्षा ३३.७ टक्के कमी. बेरीज-वजाबाकी सगळी लॉगमध्ये उरकायची आणि टक्क्यांत सर्वांत शेवटी यायचं, हा क्रम पक्का ठेवा.

टक्क्यांत न येताच फरक सांगायचा असेल तर अर्थशास्त्रातली मंडळी ‘लॉग पॉइंट’ म्हणतात. “अंतर २९.७ लॉग पॉइंट” हे वाक्य निर्दोष आहे, आणि दोन वर्षांतल्या किंवा दोन देशांतल्या अंतरांची वजाबाकी करायची असेल तेव्हा सोयीचंही. पण वाचक अर्थशास्त्राचा नसेल तर हा शब्द त्याच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या अहवालात मी टक्केच लिहीन, आणि ‘पुरुषांच्या पगाराच्या तुलनेत’ हे शब्द वाक्यात ठेवीन.

‘टक्के’ बरोबर झाल्यावर त्याच वाक्यात शिरू पाहणाऱ्या ‘सरासरी’ या शब्दाकडेही बघा. “स्त्रियांचा सरासरी पगार २५.७ टक्के कमी” असं लिहिण्याचा मोह होतो. लॉगची सरासरी काढून तिचा `exp` घेतला की मिळतो तो गुणोत्तर मध्य, रोजची बेरीज करून भागलेली सरासरी नव्हे. तुमच्या ५२६ जणांत पगाराची साधी सरासरी तासाला ५.९० डॉलर आहे, तर लॉगची सरासरी १.६२३, म्हणजे गुणोत्तर मध्य जेमतेम ५.०७ डॉलर. मोठे पगार साध्या सरासरीला वर ओढतात, गुणोत्तर मध्याला तितकं नाही. पुरुषांच्या पगारांत चढउतार जास्त असेल, तर साध्या सरासरींतलं अंतर २५.७ पेक्षा वेगळं निघेल. म्हणून वाक्यात ‘सरासरी’ नको, किंवा हवाच असेल तर ‘गुणोत्तर मध्य’ म्हणा.

घरखर्चाच्या समीकरणात आणखी एक जागा जपायची. डाव्या बाजूला दरडोई खर्चाचा लॉग असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू. पण डाव्या बाजूला खर्चातला अन्नाचा वाटा असेल आणि ग्रामीण डमीचा गुणांक ०.०६ आला, तर तिथे लॉगच नाही. वाटा ४० टक्क्यांवरून ४६ वर जातो, म्हणजे वाढ ६ टक्केबिंदूंची. टक्क्यांत ती १५ टक्के होते. इथे `exp` लावला तर आकडा निरर्थक होईल.

शेवटी एक तपासणी, कारण ही चूक नुसत्या वाक्यावरून ओळखू येत नाही. आरमध्ये `log()` नैसर्गिक लॉग देतो, एक्सेलमध्ये `LOG()` दहाच्या पायाचा देतो आणि नैसर्गिक लॉगसाठी `LN()` लागतो. पगाराचा स्तंभ एक्सेलमध्ये `LOG()` ने केला असता, तर तुमचा गुणांक −०.१२९ आला असता आणि `exp` लावून ‘१२ टक्के कमी’ असं सहज पटणारं, पण निम्म्याहून कमी उत्तर मिळालं असतं. ओळखायला लॉगच्या स्तंभाची सरासरी पाहा. या माहितीत ती १.६२ च्या आसपास हवी. ०.७० दिसली तर पाया दहाचा आहे. मग गुणांकाला आधी २.३०२६ ने गुणा, आणि त्यानंतरच `exp` घ्या.