फंडिंग रेट म्हणजे 'निधी दर'?

"एका क्रिप्टो ॲपच्या मराठी आवृत्तीत Funding Rate ला 'निधी दर' आणि Perpetual ला 'शाश्वत वायदा' असं लिहिलंय. इथे कोण कोणाला निधी देतंय? यापेक्षा बरे शब्द आहेत का?"

निधी कोणीच देत नाहीये, त्यामुळे तो शब्द सरळ चूक. 'शाश्वत'ची गंमत वेगळीये, त्यासाठी आधी 'वायदा' बघू.

वायदा हा अरबी 'वादा'चाच भाऊ, फारसीतून आपल्याकडे आलेला, पण मराठीत त्याला नुसता वचन एवढाच अर्थ नाही तर ठरवून दिलेली मुदत असाही आहे. आणि फ्युचर्सचा सगळा प्राण त्या मुदतीतच असतो. समजा बिटकॉइनचा आजचा हजर भाव ६०,००० डॉलर आहे आणि तीन महिन्यांनी संपणारा वायदा ६१,००० ला चाललाय. मग कोणीतरी हुशार माणूस हजर बाजारात घेतो, वायद्यात विकतो आणि शांत बसून राहतो, कारण शेवटच्या दिवशी वायद्याचा हिशोब हजर भावानेच होणार हे त्याला पक्कं माहीत असतं. मधल्या काळात भाव कुठेही जाऊ दे, हजारातून पैसे अडकवल्याचं व्याज नि इतर खर्च वजा जाता उरेल ते त्याचं. अशी माणसं असतात म्हणून वायद्याचा भाव हजर भावापासून फार लांब पळू शकत नाही, मुदतीचा दोर त्याला बांधलेला असतो.

आता पर्पेच्युअलमध्ये मुदतच काढून टाकली. (कल्पना जुनी आहे, अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलरनी १९९० च्या दशकातच मांडलेली, क्रिप्टोत ती बिटमेक्स या एक्सचेंजने २०१६ मध्ये आणली.) सोय मोठी, दर तीन महिन्यांनी सौदा पुढच्या वायद्यात न्यायची कटकट नाही, पण दोर तुटला ना! तेजीवाल्यांनी भाव वर चढवत नेला तर खाली ओढणार कोण? वरच्या हुशार माणसाला आता हिशोबाचा दिवसच उरला नाही, तो का अडकून पडेल?

म्हणून फंडिंग. पर्पेच्युअलचा भाव हजर भावाच्या बराच वर असेल तर तेजीवाले मंदीवाल्यांना ठरावीक वेळाने, बऱ्याच ठिकाणी दर आठ तासांनी, पैसे देतात. बराच खाली गेला तर उलटं. फरक किती आहे त्यावरून दर ठरतो, शिवाय त्यात व्याजाचा एक छोटा भाग धरतात, त्यामुळे भाव अगदी जुळलेले असले तरी दर बहुतेक वेळा शून्य न दिसता ०.०१ टक्का दिसतो. आता आपला माणूस परत येतो, हजर घेतो, पर्पेच्युअल विकतो आणि फंडिंग खात बसतो, त्याच्या विक्रीने भाव खाली येतो. ओढ आहे, हमी नाही, बाजार तापला की फरक दिवसेंदिवस टिकू शकतो.

एक गोष्ट मात्र मी स्वतः ठेच खाऊन शिकलोय. स्क्रीनवर ०.०५ टक्के दिसलं, मी म्हटलं किरकोळ आहे. पण तो दर मी स्वतःच्या खिशातून ठेवलेल्या १,००० डॉलर मार्जिनवर नव्हता, दसपट लिव्हरेजने घेतलेल्या १०,००० च्या पूर्ण सौद्यावर होता. म्हणजे एका वेळेला ५ डॉलर, दिवसात तीनदा, १५ डॉलर. दर आणि भाव दोन्ही दहा दिवस तसेच राहिले तर १५० गेले, भाव जागचा न हलता मार्जिनचे १५ टक्के साफ! आणि ते मार्जिनमधूनच कापले जात असतील तर लिक्विडेशनची किंमत, म्हणजे जिथे एक्सचेंज सौदा जबरदस्तीने बंद करतं ती, रोज थोडी थोडी जवळ सरकत येते, हे स्क्रीनवर बघितलं तर लगेच कळतं.

तर शब्द. हे 'फंडिंग' म्हणजे देणगी किंवा अनुदान नाही, सौदा धरून ठेवायचा खर्च. जुन्या शेअरबाजारात सौदा पुढे ओढायला द्यायच्या पैशाला 'बदला' म्हणायचे, आणि मंदीवाल्याला द्यावा लागला तर 'उंधा बदला', म्हणजे दोन्ही दिशा त्या शब्दाला आधीपासून माहीत आहेत. कामाच्या दृष्टीने हा सगळ्यात जवळचा, पण आज ॲपमध्ये 'आपला बदला ८ तासांनी' असं आलं तर लोक घाबरतील. शिवणावळ, धुणावळ तशी 'धरणावळ' मला मोहात पाडते, फक्त ती एकाच बाजूने जाते असं वाटतं आणि इथे तर कधी कधी धरणाऱ्यालाच पैसे मिळतात. त्यामुळे मी 'फंडिंग रेट'च ठेवीन आणि खाली बारीक अक्षरात 'तेजीवाले देणार' किंवा 'मंदीवाले देणार' एवढं लिहीन. 'शाश्वत' मात्र नको, त्याने सौदा अमर असल्यासारखा वाटतो आणि तो तर एका झटक्यात लिक्विडेट होतो. 'बिनमुदत वायदा' म्हणा, शब्दाच्या मूळ अर्थाने बघितलं तर बिनमुदत मुदत होते हे मान्य, पण नेमकं तेच तर त्याचं दुखणं आहे.