मंगळवारी दुपारी तीन वाजता त्याच्या हातात काय असेल?

प्रश्न: माझं छोटं दुकान आहे, मी एकटीच चालवते. आता पहिल्यांदाच एक इंटर्न घ्यायचं ठरवलंय. पण जाहिरातीत नेमकं काय लिहायचं, तेच सुचत नाही. आणि आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याला करायला काय देऊ? नुसता बसून राहिला तर मलाच ओशाळवाणं होईल, आणि शिकवत बसले तर गिऱ्हाईक कोण बघणार?

उत्तर: चित्रकलेच्या साहित्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. येताना जाहिरात लिहूनच आणली होती: "हुशार, मेहनती, प्रामाणिक, कॉम्प्युटर येणारा इंटर्न हवा. पडेल ते काम करण्याची तयारी असावी." मी विचारलं, "समजा तो रुजू झाला. मंगळवारी दुपारी तीन वाजता तो तुमच्या दुकानात उभा आहे. त्याच्या हातात काय आहे?" ते जरा वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फडकं असेल बहुतेक."

हसलो दोघंही, पण खरं तेच होतं. "पडेल ते काम" असं लिहिणाऱ्याने कोणतं काम पडणार आहे याचा विचारच केलेला नसतो. म्हणून जाहिरात बाजूला ठेवली आणि त्यांना एक वही दिली. सहा दिवस ती गल्ल्याजवळ ठेवायची आणि दर अर्ध्या तासाने आपण काय करत होतो ते दोन-तीन शब्दांत लिहायचं, एवढंच. रात्री आठवून लिहायचं नाही, कारण आठवणीत फक्त मोठी कामं उरतात.

पाचव्या दिवशीच त्यांचा फोन आला. वहीत "माळ्यावर गेलो" हे शब्द रोज दहा-बारा वेळा येत होते. कुणी आठ नंबरचा चपटा ब्रश मागितला की हे शिडी लावून माळ्यावर जाणार, चार खोकी उघडणार, आणि कधी ब्रश घेऊन तर कधी हात हलवत खाली येणार. तोवर गल्ल्यापाशी दुसरं गिऱ्हाईक ताटकळलेलं. माळ्यावर काय आहे हे दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं, मालकांना धरून. इंटर्नचं काम असं सापडलं. कॉम्प्युटर, हुशारी वगैरे सगळं त्याच्या मागून आलं.

वहीतलं कोणतं काम इंटर्नला द्यायचं हे ठरवताना मी तीन गोष्टी बघते. ते तासाभरात शिकवता येतं का? त्यात चूक झाली तर संध्याकाळपर्यंत निस्तरता येते का? आणि ते करून त्या मुलाला पुढे कुठे सांगण्यासारखं काही शिकायला मिळतं का? गल्ला, उधारीची वही, माल देणाऱ्यांशी घासाघीस ही कामं दुसऱ्या कसोटीत गळतात. तिसरीकडे लोक सर्रास डोळेझाक करतात. झाडलोट, चहा आणणं, निरोप पोचवणं एवढंच वहीतून निघालं, तर तुम्हाला इंटर्न नको, मदतनीस हवा. मग तसं सांगून, मदतनीसाचा पगार देऊनच माणूस ठेवावा. शिकण्याच्या नावाखाली स्वस्तात राबवून घेणं मुलांच्या पहिल्या आठवड्यातच लक्षात येतं, आणि मग ती यायची बंद होतात.

शेवटी त्यांनी लिहिलेला मजकूर हा असा होता:

"चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात आठ आठवड्यांसाठी इंटर्न हवा/हवी. वेळ: सोमवार ते शनिवार, दुपारी १ ते ५. मुख्य काम: माळ्यावरच्या आणि कपाटांतल्या सगळ्या मालाची मोजणी करून यादी कॉम्प्युटरवर उतरवणे. आठ आठवड्यांनी कोणतीही वस्तू आहे की नाही आणि कुठे आहे, हे माळ्यावर न चढता एका मिनिटात सांगता आलं पाहिजे. सोबत: आलेला माल बिलाशी ताडून बघणे, गर्दीच्या वेळी गिऱ्हाईकाला वस्तू काढून देणे. पैशांचा व्यवहार तुमच्याकडे नसेल. शिकायला मिळेल: मालाची नोंद कशी ठेवतात, कोणता माल पुन्हा कधी मागवायचा हे कसं ठरवतात, कागद आणि ब्रशांचे प्रकार. लागेल: स्वच्छ अक्षर, आकड्यांचा कंटाळा नसणे, शिडी चढता येणे. पूर्वानुभव नको. विद्यावेतन: दरमहा अमुक, महिनाअखेरीस."

"अमुक"च्या जागी त्यांनी आकडा घातला होता. तुम्हीही घाला. "भेटीत बोलू" असं लिहिलंत तर निम्मे लोक येणार नाहीत आणि उरलेले अवघडत विचारतील. इंटर्नचे कामाचे तास, मोबदला, विमा यांचे नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात, शिवाय उमेदवार कॉलेजमार्फत येत असेल तर कॉलेजचा करारनामा असतो. ही दोन्ही कागदपत्रं आकडा लिहिण्याआधी वाचून घ्या.

या मजकुरातलं माझ्या आवडीचं वाक्य म्हणजे "शिडी चढता येणे". "मेहनती" वाचून कुणी थांबत नाही, कारण स्वतःला आळशी कोण म्हणवून घेईल? शिडीचं वाचून मात्र उंचीची भीती असलेली एक मुलगी आधीच फोन करून म्हणाली की हे मला जमायचं नाही. दोघांचीही दुपार वाचली.

आता पहिला आठवडा. तुमच्या प्रश्नातली खरी अडचण तुमच्या वेळेची आहे, म्हणून आराखडा तिथूनच सुरू करायचा. आम्ही आधी मालकांचे तास लिहिले: सोमवारी दोन तास, मंगळवारी एक, पुढे रोज अर्धा तास आणि शनिवारी पाऊण तास. एकूण सव्वापाच तास. वहीवरून दुपारी एक ते अडीच दुकान सुस्त असतं हे दिसतच होतं, इंटर्नची वेळही त्यावरूनच ठरवली. एवढा वेळ निघत नसेल तर सरळ महिनाभर पुढे ढकला. सणाच्या किंवा हंगामाच्या तोंडावर इंटर्न घेणं म्हणजे पोहायला शिकायला पुराचा दिवस निवडणं.

मग प्रत्येक दिवसापुढे एकच ओळ, आणि ती अशी की संध्याकाळी पाच वाजता झालं की नाही हे बोट ठेवून दाखवता यावं. "दुकानाची ओळख" असं लिहू नका, ती झाली हे कोण ठरवणार? सोमवार: दुकानाचा नकाशा हाताने काढणे, प्रत्येक कपाटाला आणि खोक्याला नंबर देणे. मंगळवार: मालकांसोबत एक कपाट मोजणे, दुसरं एकट्याने. बुधवार: ब्रशांची सगळी खोकी मोजणे. गुरुवार: तोपर्यंतची यादी कॉम्प्युटरवर चढवणे. शुक्रवार: कागद मोजणे, २०० आणि ३०० जीएसएम वजनाचे वेगळे. शनिवार: मालकांनी यादीतल्या कोणत्याही वीस वस्तू पुन्हा मोजणे आणि दोघांनी आकडे जुळवणे.

कागदावर छान दिसत होतं. बुधवारी पावणेदोनला मालाची गाडी आली, मालक तिकडे गुंतले. मुलाची ब्रशांची खोकी मोजून झाली होती, पुढे काय ते माहीत नव्हतं आणि विचारायला संकोच. रिकामं कसं बसायचं म्हणून त्याने आपल्या मनाने ब्रश लावून ठेवले, दांड्याच्या रंगाप्रमाणे. दिसायला सुरेखच. पण ब्रश नंबरावर विकले जातात, त्यामुळे दोन नंबर आणि दहा नंबर एकाच खोक्यात जाऊन बसले. मालक चिडून माझ्याशी बोलले, तेव्हा मी आराखडा मागवून घेतला. चूक त्यात होती: "मी हाताशी नसेन तेव्हा काय करायचं" ही ओळच नव्हती. ती आम्ही वरती जाड अक्षरात घातली: "काम संपलं आणि मी गुंतलेलो असेन, तर पुढच्या नंबरचं खोकं मोजायला घे. कोणतीही वस्तू जागेवरून हलवू नकोस. शंका वहीत लिही, अडीच वाजता बोलू." गिऱ्हाईकासाठीही एक वाक्य तयार करून दिलं: "थांबा हं, विचारून सांगतो." नव्या माणसाला हे वाक्य हातात नसलं की तो ठोकून देतो.

शंकांच्या त्या वहीकडे लक्ष ठेवा. एकच शंका तीनदा आली तर मुलगा मठ्ठ आहे असं धरून चालू नका, तुमच्या सूचनेत काहीतरी राहिलेलं असतं. आणि वही दोन दिवस कोरी राहिली तर त्याला सगळं समजलंय असंही समजू नका. त्या दिवशी शेजारी बसून त्याच्याकडून एक खोकं तुमच्यासमोर मोजून घ्या.

शनिवारच्या वीस वस्तूंपैकी सहा जुळल्या नाहीत. एका ठिकाणी यादीत ९ आणि मालकांच्या मोजणीत ५४. मालकांचा चेहरा पडला, पण सहाही वस्तू एकाच जातीच्या निघाल्या: पाकिटात येणाऱ्या. मुलाने पाकिटं मोजली होती, मालकांनी नग. पाकिटात सहा ब्रश, नऊ सक चोपन्न. मोजणी दोघांचीही बरोबर होती, फक्त काय मोजायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. यादीत "नग / पाकीट / रीम" असा एक रकाना वाढवला आणि सोमवारी तासाभरात ते सगळं दुरुस्त झालं. ही फेरमोजणी आठवडाअखेरीसच ठेवली म्हणून हे तासाभरात निभावलं. आठव्या आठवड्यात कळलं असतं तर सगळा माळा पुन्हा उपसावा लागला असता.

शनिवारच्या उरलेल्या दहा-पंधरा मिनिटांत मालकांनी मुलाला तीनच गोष्टी विचारल्या: कोणतं काम कळलं नाही, कुठे वेळ फुकट गेला, आणि दुकानात तुला काय विचित्र वाटलं. "कसं वाटतंय?" असं विचारलं की "छान" एवढंच उत्तर येतं, म्हणून ते टाळलं. तिसऱ्या प्रश्नाला मुलगा जरा घुटमळला. मग म्हणाला, "काका, दोन नंबरच्या गोल ब्रशांची चौदा पाकिटं सतरा नंबरच्या खोक्यात आहेत. आणि काल तुम्ही फोनवर तेच मागवत होतात."

मालकांनी तिथल्या तिथे फोन उचलून ऑर्डर रद्द केली.