'इंटरमीडिएट फिलामेंट' म्हणजे नक्की कशाच्या मधले?

प्रश्न : मी ठाण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते आणि मराठी टिपणं काढते. सायटोस्केलेटनचे तीन घटक लिहिताना इंटरमीडिएट फिलामेंटपाशी अडले. कुणी 'माध्यमिक तंतू' लिहितं, कुणी 'मध्यवर्ती तंतू'. बरोबर काय? आणि पेशीचा 'सांगाडा' म्हटलेलं चालेल का?

उत्तर : दोन्ही नकोत. 'मध्यम तंतू' लिहा, किंवा सरळ 'मधल्या जाडीचे तंतू'. 'मध्यवर्ती' म्हटलं की मुलांना ते पेशीच्या मध्यभागी असतात असं वाटणार, आणि 'माध्यमिक' म्हटलं की शाळाच आठवणार. हे नाव जागेवरून आलेलं नाही, दर्जावरूनही नाही. ते फक्त जाडीवरून पडलं आहे.

आता ही जाडी कोणाच्या मधली? बहुतेक पुस्तकं सांगतात की ॲक्टिन सुमारे ७ नॅनोमीटर, सूक्ष्मनलिका २५, आणि हे १०, म्हणून मधले. आकडे बरोबर आहेत, पण नाव त्यावरून पडलं नाही. १९६८ साली होल्टझर आणि त्यांचे सहकारी कोंबडीच्या भ्रूणातल्या, नुकत्या घडणाऱ्या स्नायुपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. स्नायूत दोन प्रकारचे तंतू ठाऊक होतेच : ॲक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे सुमारे १५ नॅनोमीटरचे जाड. त्या दोघांत न बसणारे, साधारण १० नॅनोमीटरचे तिसरेच तंतू त्यांना दिसले आणि त्यांनी त्यांना मधल्या आकाराचे म्हटलं. म्हणजे मूळ तुलना मायोसिनशी होती, सूक्ष्मनलिकांशी नव्हे. नंतर कळलं की असे तंतू इतर पेशींतही भरपूर आहेत. तोवर नाव चिकटलं होतं.

'सांगाडा' चालेल, 'पेशीकंकाल'ही चालेल. फक्त मुलांना एवढं सांगा की यातला बराच भाग हाडासारखा कायमचा नसतो. ठाण्यात सध्या गल्लोगल्ली पुनर्विकासाच्या इमारतींभोवती परांची दिसते : हवी तिथे बांधतात, काम झालं की सोडतात, तेच बांबू दुसरीकडे नेतात. सूक्ष्मनलिका आणि ॲक्टिन यांचं असंच आहे. मध्यम तंतूंचं मात्र तसं नाही, आणि खरा फरक जाडीपेक्षा इथे आहे.

सूक्ष्मनलिका ट्यूब्युलिन नावाच्या गोलसर प्रथिनांची, आतून पोकळ. एका टोकाला भराभर ट्यूब्युलिन जोडलं जातं, मग अचानक ती कोसळते आणि पुन्हा वाढू लागते. तिचं काम कोणतं, हे ती मोडली की चांगलं कळतं. पावसाळ्यात येऊरच्या जंगलात लाल-पिवळी कळलावी फुलते. तिच्यातलं कोल्चिसिन ट्यूब्युलिनला चिकटतं आणि नवी सूक्ष्मनलिका बांधू देत नाही. (कंद तर भलताच विषारी, हात लावायची हौस नको.) सोसायटीच्या कुंडीतल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन हे औषधही ट्यूब्युलिनच अडवतं. विभागणाऱ्या पेशीत गुणसूत्रं दोन्हीकडे ओढून नेणारी तर्कू सूक्ष्मनलिकांचीच असते. ती नीट बांधली न गेल्याने पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकते, म्हणून ते रक्ताच्या कर्करोगावर वापरतात.

पण त्याच औषधाने पायाची बोटं बधिर का होतात? मणक्यापासून पावलापर्यंत जाणारा चेतातंतू मोठ्या माणसात एक मीटरच्या आसपास लांब असतो. त्याच्या टोकाला लागणारं बरंच सामान पेशीच्या मुख्य भागात बनतं आणि सूक्ष्मनलिकांवरून वाहून नेलं जातं. जलद वाहतूक दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणजे सगळं सुरळीत असूनही पोचायला अडीच दिवस. ही वाट बिघडली की सर्वांत लांबच्या टोकाला आधी चणचण भासते, आणि ते टोक पायाच्या बोटांकडे असतं. तर्कू आणि वाहतूक ही दोन वेगळी कामं पाठ करण्यापेक्षा या एका औषधातून दोन्ही दाखवा.

ॲक्टिनबद्दल थोडक्यात. हेही गोलसर प्रथिन, दोन पदरांचा बारीक पीळ, मुख्यतः पेशीच्या पडद्यालगत. पेशीला पुढे सरकवणं आणि विभाजनाच्या शेवटी कंबरेभोवती कडं आवळून पेशीचे दोन भाग करणं ही त्याची कामं. त्या आवळण्यात त्याच्या जोडीला मायोसिन लागतं. ॲक्टिनला पुस्तकं 'सूक्ष्मतंतू' म्हणतात. मी ते टाळीन, कारण शेजारीच 'सूक्ष्मनलिका' आहे आणि उत्तरपत्रिकेत घोळ ठरलेला.

आता मध्यम तंतू. यांची प्रथिनं गोल नसतात, लांबट काठीसारखी असतात. दोन काठ्या एकमेकींभोवती पीळ घेतात, अशा जोड्या उलटसुलट दिशांनी शेजारी-शेजारी लागतात आणि त्यांचाच तंतू वळला जातो. उलटसुलट लागल्यामुळे त्याला पुढचं-मागचं असं टोक राहत नाही, म्हणून त्यावरून सामान वाहणारी प्रथिनंही चालत नाहीत. काम एकच, पण पक्कं : ताण सोसणं.

हे त्वचेत स्पष्ट दिसतं. बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरातल्या पेशींत केरॅटिन ५ आणि केरॅटिन १४ यांची जोडी असते. एपिडर्मोलायसिस बुलोसा सिम्प्लेक्स या जन्मजात आजारात बहुधा या दोनपैकी एकाच्या जनुकात बदल असतो. केरॅटिन १४चा संबंध १९९१ साली सिद्ध झाला. अशा मुलाच्या पायात जरा घट्ट चप्पल घातली, थोडं चालवलं, की पाऊल फोडांनी भरतं. घासल्याने त्या खालच्या पेशी मधूनच फाटतात आणि पोकळीत पाणी साठतं. सौम्य प्रकारात फोड मुख्यतः तळहात-तळपायांवर येतात आणि उन्हाळ्यात वाढतात. आपल्याकडचा घामाचा मे महिना त्यांना जडच. फोड नेमका कोणत्या थरात फुटला हे पाहूनच डॉक्टर हा आजार त्याच्या भावंडांपासून वेगळा काढतात. पेशीच फाटली असेल तर हा. पेशी शाबूत राहून खालच्या पटलापासून सुटल्या असतील तर दुसरा.

दोन जनुकप्रतींपैकी एक चांगली असूनही आजार का होतो, हे मुलं हमखास विचारतील. केरॅटिन जोडीने वळलं जातं. सदोष काठ्या चांगल्यांबरोबर त्याच तंतूत गुंफल्या जातात आणि अख्खा तंतू कच्चा होतो.

टिपणात एक ओळ वाढवा : 'मध्यम तंतू' हे कुटुंबाचं नाव आहे, एका प्रथिनाचं नाही. त्वचेत केरॅटिन, स्नायूत डेस्मिन, संयोजी ऊतीत व्हायमेंटिन, केंद्रकाच्या अस्तरात लॅमिन. गाठ कोणत्या ऊतीतून आली ते कळेना, तर विकृतिशास्त्रज्ञ याचाच उपयोग करतात. तुकड्यावर केरॅटिनचा रंग चढला तर गाठ बहुधा अस्तराच्या पेशींची, म्हणजे कार्सिनोमा. व्हायमेंटिन एकट्याने फारसं सांगत नाही, कारण ते अनेक प्रकारच्या गाठींत सापडतं. केरॅटिनही काही सार्कोमांत, म्हणजे स्नायू-हाडांसारख्या ऊतींतून आलेल्या गाठींत, दिसतं. म्हणून एका रंगावर निकाल न देता चार-पाच एकत्र पाहतात, आणि रिपोर्टात 'मध्यम तंतू' कुठेच नसतं, त्या त्या प्रथिनाचं नाव असतं.