फारसी आठवणींचे इंग्रजी भाषांतर : ‘कोर्सी’ला तळटीप द्यावी की शब्द तसाच ठेवावा?

प्रश्न : माझ्या आजेसासऱ्यांनी इराणमधल्या लहानपणाच्या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या आहेत. परदेशात वाढलेल्या नातवंडांसाठी, आणि जमल्यास छापण्यासाठी, मी त्या इंग्रजीत आणत आहे. कोर्सी, दायी, तआरोफ असे शब्द पानोपानी येतात. तळटीप द्यावी, मजकुरातच अर्थ सांगावा, की मूळ शब्द तसाच ठेवावा?

उत्तर :

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या आजींच्या आठवणी मी फारसीतून इंग्रजीत आणल्या. आजी हमदानच्या होत्या. तिथला हिवाळा फार कडक असतो, त्यामुळे ‘कोर्सी’ हा शब्द माझ्याही वाट्याला पहिल्या प्रकरणातच आला आणि त्यानेच मला या तिन्ही मार्गांतला फरक शिकवला. म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो.

आपली ‘खुर्ची’ याच शब्दावरून आली आहे, पण इराणी घरातली कोर्सी म्हणजे बसायची वस्तू नव्हे. ती लाकडी, बुटकी, चौकोनी चौकट असते. तिच्याखाली राखेने झाकलेल्या निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, वरून भली मोठी गोधडी पसरतात आणि सगळे घर चारही बाजूंनी गोधडीत पाय घालून बसते, जेवते आणि झोपतेही. पहिल्या खर्ड्यात मी ही सगळी माहिती चार ओळींच्या तळटीपेत दिली होती आणि तिच्यावर खूशही होतो.

पुढे साधारण चाळीस पानांनंतर एक प्रसंग आहे. पाहुणे अचानक आल्यामुळे घाईघाईत कोळसा बाहेर अंगणात पुरता न फुलवताच शेगडी आत ठेवली जाते. पहाटे लहानग्या लेखिकेचे डोके ठणकू लागते, तिला उलटी होते आणि तिची आजी तिला उचलून थेट बर्फात नेऊन उभी करते. अर्धवट पेटलेल्या कोळशातून निघणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड गोधडीखाली साठला होता, हे इराणी वाचकाला न सांगता कळते. माझ्या दोन इंग्रजी वाचकांना मात्र ती आजी विक्षिप्त वाटली. तळटीप त्यांनी वाचली होती, पण ती वस्तूची ओळख म्हणून वाचली आणि विसरली, कारण टीपेत वाचलेली गोष्ट कथेतल्या कोणाच्या हातापायांशी जोडलेली नसते.

दुसऱ्या खर्ड्यात मी टीप काढून टाकली, ‘कोर्सी’ हा शब्द तसाच ठेवला आणि तो पहिल्यांदा येतो त्या वाक्यातच एक उपवाक्य घातले : आम्ही कोर्सीभोवती बसलो, पाय गोधडीखाली, आणि राखेत पुरलेल्या निखाऱ्यांची ऊब तळव्यांना लागत होती. चौकटीचा आकार आणि लाकूड मी सोडून दिले. पुढच्या अपघाताला लागणार होती तेवढीच माहिती, म्हणजे गोधडी आणि खालचा जिवंत विस्तव, आत आली. मजकुरातल्या स्पष्टीकरणाची माझी कसोटी तेव्हापासून हीच आहे : ते वाक्य खोडून पाहावे आणि पुढचा एखादा प्रसंग लंगडा पडतो का ते बघावे. पडत नसेल, तर त्या स्पष्टीकरणाची गरज नाही.

दुसरी कसोटी आवाजाची आहे. तुमच्या आजेसासऱ्यांनी तीच गोष्ट परदेशातल्या नातवाला समोर बसवून सांगितली असती, तर ते ‘गोधडीखाली निखारे असायचे’ असे सहज म्हणाले असते. म्हणून ते वाक्य त्यांच्या तोंडी शोभते. पण दोन पात्रे बोलत असताना असे करू नये. नवसाचे अन्न शेजारी वाटताना एक बाई दुसरीला ‘नज़्र म्हणजे काय’ हे सांगू लागली, तर वाचकाला भाषांतरकार पडद्याआडून बोलताना ऐकू येतो. अशा ठिकाणी अर्थ संवादाच्या आधीच्या निवेदनात ठेवावा.

नात्यांच्या शब्दांबाबत मराठी माणसाला अर्धे काम आधीच येते. दायी म्हणजे मामा, अमू म्हणजे काका, खाले म्हणजे मावशी, अम्मे म्हणजे आत्या. इंग्रजीत पहिल्या दोघांचा ‘अंकल’ होतो आणि इथेच नुकसान होते, कारण आमच्या पुस्तकात जमिनीवरून भांडणारे सगळे अमू होते आणि मुलांना खाऊ आणणारा एकटा दायी होता. दोघांनाही ‘अंकल’ केल्यावर घराची अर्धी रचनाच दिसेनाशी झाली. मी चारही शब्द तसेच ठेवले, प्रत्येकाचा अर्थ पहिल्या वेळी दोन-तीन शब्दांत दिला आणि पुस्तकाच्या आरंभी वंशवृक्षात नावांपुढे हेच शब्द लिहिले. तो वंशवृक्ष कोणत्याही शब्दसूचीपेक्षा जास्त उपयोगी पडला. याउलट, एकदाच येणाऱ्या आणि कथेत काही न करणाऱ्या भांड्याचे किंवा कपड्याचे नाव सरळ इंग्रजीत भाषांतरित करावे. प्रत्येक फारसी शब्द वाचवायचा मोह होतो, पण एका परिच्छेदात तीन अनोळखी शब्द आले की वाचक तिन्हींवरून घसरतो.

तआरोफ या शब्दाचे तसे होत नाही. तो वस्तूचे नाव नाही, वागण्याची रीत आहे : पाहुण्याने आधी नको म्हणायचे, यजमानाने पुन्हा आग्रह करायचा, दुकानदाराने पैसे घेण्याआधी ‘याची काही किंमत नाही’ म्हणायचे आणि गिऱ्हाइकाने तरीही पैसे द्यायचेच. ‘पोलाइटनेस’ किंवा ‘फॉर्मॅलिटी’ अशा एका इंग्रजी शब्दात ते मावत नाही आणि टीपेत फक्त व्याख्या राहते. मी पहिल्या प्रसंगात पाहुण्याचे तीनही नकार पूर्ण येऊ दिले आणि शब्द त्यानंतर आणला, म्हणजे वाचकाने रीत आधी पाहिली आणि तिचे नाव मागून ऐकले. मूळ मजकुरात क्रम उलटा होता, आणि तेवढी वाक्ये पुढेमागे करण्यापूर्वी मी घरच्यांची परवानगी घेतली.

मग तळटीप कुठे द्यावी? जे सांगणाऱ्याने कधीच सांगितले नसते आणि तरीही वाचकाला हवे आहे, तिथे. आमच्या पुस्तकात एक वाक्य होते : ‘२८ मोर्दादनंतर तीन दिवस वडिलांनी दुकान उघडले नाही.’ इराणी माणसाला ही तारीखच पुरेशी असते. १९ ऑगस्ट १९५३ रोजी पंतप्रधान मोसद्देक यांचे सरकार उलथवले गेले, हे आजीने नातवालाही उलगडून सांगितले नसते. वाक्यात ते कोंबले तर घाबरलेल्या घराऐवजी इतिहासाचे पुस्तक बोलू लागते. तिथे दोन ओळींची टीप दिली. संपूर्ण पुस्तकात अशा टीपा मोजून नऊ राहिल्या.

साध्या तारखांना मात्र टीप नको, त्या गुपचूप बदलाव्यात. इराणी सौर वर्षात ६२१ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष मार्चमध्ये नवरोझला सुरू होत असल्याने जानेवारी ते नवरोझ या काळासाठी ६२२ मिळवावे लागतात. ‘दे’ हा इराणी महिना १३३० साली, म्हणजे डिसेंबर १९५१ मध्ये सुरू होऊन जानेवारी १९५२ मध्ये संपतो. दिनांक न देता नुसता महिना लिहिलेला असेल, तर ‘१९५१-५२ चा हिवाळा’ असे म्हणणे प्रामाणिक ठरते.

एक चूक आपल्याकडच्यांच्या हातून हमखास होते. भारतात शिकवली जाणारी जुनी फारसी ‘कुर्सी’, ‘दुख़्तर’, ‘दिल’ असे उच्चार शिकवते, तर आजचे इराणी कुटुंब ‘कोर्सी’, ‘दोख़्तर’, ‘देल’ म्हणते. माझ्या पहिल्या शंभर पानांत दोन्ही वर्णलेखने मिसळली होती आणि स्नेह्याच्या आईने हसत विचारले की ही पुस्तकातली आजी हमदानची आहे की लखनौची. त्यानंतर मी उसन्या शब्दांची एक यादी केली, प्रत्येक शब्दापुढे घरातल्यांच्या उच्चारावरून ठरवलेले एकच इंग्रजी वर्णलेखन लिहिले आणि ती यादी कुटुंबातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी अकरा शब्द दुरुस्त केले.