‘ऑर्डर आणा’ म्हणालात, ‘पैसे आल्यावर’ म्हणाला नाहीत

प्रश्न : आम्ही शाळांसाठी बाक बनवतो. मागच्या वर्षी वीसेक जणांना ईमेल केला होता, ‘ऑर्डर आणा, ८ टक्के कमिशन घ्या.’ त्यातल्या एकाने ६ लाखांची ऑर्डर आणली. शाळेने नंतर १ लाखाचे बाक रद्द केले, ३ लाख दिले आणि २ लाख थकवले. एजंट मात्र ४८ हजार मागतो. त्याच्या वकिलाची १५ दिवसांची नोटीस आली आहे. करारावर सह्याच झालेल्या नाहीत, तरी द्यावे लागतील का? आणि पुढे एजंट नेमताना काय लिहू?

उत्तर : ताई, सही नाही हा मुद्दा सोडून द्या. ईमेलवर झालेला करार केवळ ईमेलवर झाला म्हणून बाद होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०अ तेच सांगते.

सगळे अडले आहे ते ‘ऑर्डर आणा’ या दोन शब्दांवर. भारतीय करार कायद्याच्या कलम २१९ नुसार, वेगळे काही ठरलेले नसेल तर एजंटाला सोपवलेले काम पूर्ण झाले की त्याचे कमिशन देय होते. तुम्ही सोपवलेले काम कोणते? ऑर्डर आणणे. ते त्याने केले. शाळेकडून वसुली करणे हे काम तुम्ही त्याला कधी दिलेच नव्हते. महिन्याला अशी दोन-तीन पत्रे मला येतात आणि प्रत्येकात टक्केवारी ठळक लिहिलेली असते. पैसे कधी द्यायचे, ते मात्र कोणी लिहीत नाही. वीस जणांना ईमेल धाडण्याआधी एक ओळ वाढवली असती, तर ही नोटीस आली नसती.

आकडे पाहा. ऑर्डरवर मोजले तर ४८ हजार, पोहोचलेल्या मालावर ४० हजार आणि हाती आलेल्या पैशांवर २४ हजार. कोर्ट कोणता आकडा धरेल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. आधी इतर एजंटांना तुम्ही नेहमी वसुलीनंतरच पैसे दिले असतील आणि हे या एजंटाला माहीत असेल, तर तो पुरावा तुमच्या बाजूचा आहे. त्या बँक नोंदी आजच काढा. तसे काही नसेल, तर तुमची बाजू लंगडी आहे.

माझे मत असे, की २४ हजार आत्ताच द्या आणि उरलेली रक्कम वादग्रस्त असल्याचे नोटिशीच्या उत्तरात वकिलाकरवी लिहा. ‘सगळे देऊ, जरा थांबा’ असा मेसेज मात्र चुकूनही पाठवू नका. लेखी कबुली दिली की दाव्याची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून नव्याने सुरू होते. शिवाय उरलेल्या २४ हजारांसाठी दोघांनी वर्षानुवर्षे तारखा घेत बसणे मला बघवत नाही. मधल्या आकड्यावर तडजोड होत असेल तर करा. टीडीएस तुम्हाला लागू होतो का, हे पैसे देण्याआधी सीएना विचारा.

आणखी एक चूक मी अनेकांना करताना पाहते. वाद झाला की घाईने ‘सुधारित अटी’ सगळ्यांना पाठवतात. त्या अटी पुढच्या ऑर्डरींना लागू होतील. ही ऑर्डर त्यात बसणार नाही.

पुढच्या वेळी ईमेलमध्ये हे लिहा :

> ‘ग्राहकाकडून प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवर, जीएसटी व वाहतूक वगळून, ८ टक्के कमिशन. जमा झालेल्या रकमेचा हिशेब पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत. माल परत आल्यास त्यावरचे कमिशन पुढच्या हिशेबात वळते होईल. त्याच ग्राहकाच्या पहिल्या ऑर्डरपासून १२ महिन्यांतील ऑर्डरींवरही हेच कमिशन. एजंटाने ग्राहकाकडून रोख अथवा स्वतःच्या खात्यात पैसे घेऊ नयेत. काम थांबवायचे असल्यास कोणत्याही बाजूने ३० दिवसांची ईमेल सूचना. तोवर कळवलेल्या ऑर्डरींचे कमिशन मिळेल.’

टक्के आणि महिने तुमच्या धंद्याप्रमाणे बदला, पण ‘प्रत्यक्ष जमा झालेल्या’ हे शब्द काढू नका. पैसे घेण्याची मनाई मी मुद्दाम घातली आहे. मालकाच्या वतीने घेतलेल्या रकमेतून एजंट आपले कमिशन कापून ठेवू शकतो, ती मुभा त्याला कायद्यानेच दिली आहे. मग तुमच्या आधी तोच हिशेब करून मोकळा होतो.

‘वरील अटी मान्य’ असे उत्तर त्याच ईमेलवर आल्याशिवाय कोणाचीही पहिली ऑर्डर घेऊ नका. फोनवरच्या ‘हो’चा पुरावा शोधत फिरावे लागते. जुना ईमेल आणि त्यावरची उत्तरे खात्यातून पुसू नका. प्रकरण कोर्टात गेले तर नुसत्या प्रिंटवर भागत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यासाठी मूळ ईमेल जागेवर असला पाहिजे.