स्थिर फिल्टर आणि स्थिरावलेले आउटपुट

प्रश्न: डिजिटल फिल्टरवरच्या मराठी टिपणांत ‘स्टेबल’ आणि ‘स्टेडी स्टेट’ या दोन्हींसाठी ‘स्थिर’ हाच शब्द वाचला. पण साइन लहर आत दिली की बाहेरही लहरच येते आणि ती सतत वरखाली होत असते. मग तिला स्थिर कसे म्हणायचे? या दोन कल्पनांना वेगळे शब्द आहेत का?

उत्तर: वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळे ठेवलेच पाहिजेत, कारण एक विशेषण फिल्टरचे आहे आणि दुसरे त्याच्या आउटपुटचे. ‘स्टेबल’ला ‘स्थिर’ हा शब्द योग्य आहे. ‘स्टेडी स्टेट’ला ‘स्थायी अवस्था’ हा शब्द वापरता येतो, परंतु माझी पसंती ‘स्थिरावलेली अवस्था’ या शब्दाला आहे. ती का, हे एक लहानसे उदाहरण शेवटपर्यंत सोडवल्याशिवाय नीट सांगता येणार नाही. (फिल्टरला मी ‘गाळणी’ म्हणत नाही. तो शब्द चुकीचा नाही, पण वाचकाचे मन चहाकडे जाते.)

पुढील फिल्टर घेऊ. प्रत्येक वेळी तो आपल्या मागच्या उत्तराचा अर्धा भाग घेतो आणि त्यात नवा नमुना मिळवतो.

```
y[n] = 0.5 y[n-1] + x[n]
```

आत दिलेली लहर दर नमुन्याला ९० अंश पुढे सरकते असे धरू. पारंपरिक टेलिफोनच्या डिजिटल आवाजात सेकंदाला ८००० नमुने घेतात. त्या हिशेबाने ही २००० हर्ट्‌झची लहर झाली. शून्याव्या क्षणी ती सुरू केली, तर तिचे नमुने १, ०, −१, ०, १, ० असे येत राहतात. फिल्टर आधी रिकामा असेल, तर हातानेच करता येणाऱ्या गणिताने आउटपुट १, ०.५, −०.७५, −०.३७५, ०.८१२५, ०.४०६२५, −०.७९६८७५ असे मिळते.

आता हेच उत्तर वारंवारता प्रतिसादावरून, म्हणजे कोणत्या वारंवारतेची लहर फिल्टर किती पट करतो आणि किती मागे टाकतो हे सांगणाऱ्या आलेखावरून, वाचून पाहू. या फिल्टरचा वारंवारता प्रतिसाद असा आहे. त्यात ω म्हणजे लहर दर नमुन्याला जेवढी पुढे सरकते तो कोन, आपल्या लहरीसाठी ९० अंश म्हणजेच π/2:

```
H(ω) = 1 / (1 - 0.5 e^(-jω))
ω = π/2:  H = 1 / (1 + 0.5j) = 0.8 - 0.4j
```

या संमिश्र संख्येचे मान ०.८९४ आहे आणि तिचा कोन उणे २६.५७ अंश आहे. आलेखावरून वाचायचे ते एवढेच दोन आकडे: लहरीचा आयाम, म्हणजे तिच्या शिखराची उंची, ०.८९४ पट होईल आणि ती २६.५७ अंशांनी मागे पडेल. वारंवारता मात्र तीच राहील, कारण रेषीय आणि काळानुसार न बदलणारा फिल्टर साइन लहरीचा आयाम आणि कला, म्हणजे पुढेमागे असण्याचा कोन, बदलू शकतो, तिची वारंवारता बदलू शकत नाही. या दोन आकड्यांवरून नमुने काढले, तर ०.८, ०.४, −०.८, −०.४ हे चार आकडे पुन्हा पुन्हा येतात.

येथे एका चुकीचा इशारा द्यायला हवा, कारण हे गणित पहिल्यांदा करणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथे अडखळतो. आयाम ०.८९४ आहे असे आलेख सांगतो, पण आउटपुटच्या यादीत ०.८ पेक्षा मोठा आकडा कधीच स्थिरपणे दिसत नाही. त्यामुळे आलेख तरी चुकला किंवा आपण तरी चुकलो, असे वाटते. दोन्ही बरोबर असतात. लहर २६.५७ अंशांनी, म्हणजे एका नमुन्याच्या साधारण ०.३ भागाने मागे पडल्यामुळे तिचे शिखर दोन नमुन्यांच्या मधे येते आणि नमुन्यात सापडत नाही. म्हणून आयाम तपासायचा असेल, तर सर्वांत मोठा नमुना पाहू नये. या विशिष्ट वारंवारतेला लागोपाठच्या दोन नमुन्यांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढावे: ०.६४ आणि ०.१६ मिळून ०.८०, आणि त्याचे वर्गमूळ ०.८९४.

आता मूळ शब्दाकडे येऊ. हाताने काढलेले आकडे आणि आलेखावरून वाचलेले आकडे शेजारी ठेवून त्यांतला फरक काढला, तर तो ०.२, ०.१, ०.०५, ०.०२५, ०.०१२५ असा दर पावलाला निम्मा होत जातो. म्हणजे खऱ्या आउटपुटचे दोन भाग आहेत. एक भाग इनपुटच्या तालावर कायम चालत राहणारी लहर आहे, आणि दुसरा भाग सुरुवातीच्या धक्क्यातून आलेला व विरत जाणारा अवशेष आहे. या दुसऱ्या भागाला ‘क्षणिक प्रतिसाद’ म्हणतात. हा अवशेष सात पावलांत आपल्या मूळ मापाच्या एक टक्क्याखाली जातो, आणि त्यानंतर जे उरते ती ‘स्टेडी स्टेट’.

त्या अवस्थेत आउटपुट थांबलेले नसते, तर त्याच्या हलण्याची रीत बदलेनाशी झालेली असते: आयाम तोच, मागे पडण्याचा कोन तोच, वारंवारता तीच. मराठीत ‘स्थिर’ म्हटले की न हलणारे असे मनात येते, म्हणूनच प्रश्नकर्त्याला ती लहर आणि तो शब्द एकत्र बसेनात. ‘स्थिरावणे’ या क्रियापदात ही अडचण नाही. फलंदाज खेळपट्टीवर स्थिरावला असे आपण म्हणतो, तेव्हा तो हातपाय न हलवता उभा आहे असे कोणी समजत नाही. सुरुवातीचे चाचपडणे संपून त्याचा खेळ एका लयीत आला, एवढेच त्यातून कळते. शिवाय ‘स्थिरावलेले’ या रूपात त्याआधी काही काळ चाचपडण्यात गेला हे गृहीतच असते, आणि क्षणिक प्रतिसादाची आठवण त्या शब्दातच राहते.

‘स्थायी अवस्था’ या शब्दाला माझा विरोध नाही. स्थायी समिती आणि स्थायी भाव यांच्यामुळे तो कानाला ओळखीचा आहे आणि संयुक्त शब्दांत सुटसुटीत बसतो. मात्र त्यात कायमपणाची जी छटा आहे ती येथे थोडी दिशाभूल करते. इनपुटची वारंवारता मधेच बदलली, तर त्या क्षणी नवा क्षणिक भाग जन्माला येतो आणि फिल्टरला पुन्हा स्थिरावावे लागते. ही अवस्था टिकते ती इनपुट तेच राहील तोवरच.

त्या क्षणिक भागाचा उगमही पाहण्यासारखा आहे. आपण फिल्टर रिकामा धरला, म्हणजे लहर सुरू होण्यापूर्वीचे उत्तर शून्य मानले. त्याऐवजी त्या जागी −०.४ ठेवून सुरुवात केली, तर पहिले उत्तर −०.२ अधिक १, म्हणजे ०.८ येते, दुसरे ०.४ येते आणि तिसरे −०.८. क्षणिक भाग मुळी उद्भवतच नाही. −०.४ हा आकडा मनाने घेतलेला नाही. लहर अनादि काळापासून चालू असती, तर त्या क्षणी फिल्टरमध्ये हाच आकडा असता. तेव्हा क्षणिक भाग म्हणजे फिल्टरच्या पोटात असलेला आकडा आणि त्या लहरीसाठी असायला हवा होता तो आकडा यांतली तफावत होय. वारंवारता प्रतिसाद ही तफावत पाहतच नाही. त्याचे सूत्र अनादि लहर गृहीत धरूनच लिहिलेले असते.

आता दुसऱ्या शब्दाची, म्हणजे ‘स्थिर’ची बाजू. तफावत निम्मी निम्मी होत गेली ती सूत्रातल्या ०.५ या गुणकामुळे. त्याच्या जागी २ ठेवून पाहा. सूत्र तेव्हाही निमूटपणे आकडा देते: H = 0.2 − 0.4j, मान ०.४४७. आलेख काढला, तर तोही सभ्य दिसतो, आणि त्यात कुठेही धोक्याची खूण नसते. त्यावरून वाचलेले आउटपुट ०.२, ०.४, −०.२, −०.४ असे यायला हवे. प्रत्यक्षात मात्र १, २, ३, ६, १३ असे आकडे येतात, फरक ०.८, १.६, ३.२, ६.४, १२.८ असा दर पावलाला दुप्पट होत जातो आणि ती सभ्य लहर त्याखाली गाडली जाते. हा फिल्टर अस्थिर आहे, म्हणून त्याचे आउटपुट कधीच स्थिरावत नाही, आणि आलेखावरून वाचलेल्या आकड्याला कोणतेही प्रत्यक्ष आउटपुट उरत नाही.

दोन्हींच्या मधली अवस्था अधिक फसवी आहे. गुणक १ घेतला, तर H = 0.5 − 0.5j येते आणि अपेक्षित आउटपुट ०.५, ०.५, −०.५, −०.५ असते. प्रत्यक्ष आउटपुट १, १, ०, ०, १, १, ०, ० असे येते. ते फुगत नाही, तेच चार आकडे पुन्हा पुन्हा येतात, आणि वरवर पाहणारा ते स्थिरावले असेच म्हणेल. परंतु फरक पहिल्यापासून ०.५ आहे आणि तो कधीच कमी होत नाही. लहर शून्याभोवती न फिरता ०.५ भोवती फिरत राहते. आउटपुट मर्यादेत राहिले म्हणजे फिल्टर स्थिर आहे असे समजणाऱ्याने हे उदाहरण एकदा हाताने करावे. याच फिल्टरला लहरीऐवजी सतत १ दिला, तर उत्तर १, २, ३ असे वाढतच जाते. कोणतेही मर्यादित इनपुट दिले तरी आउटपुट मर्यादितच राहिले पाहिजे, ही स्थिरतेची अट असते, आणि ती एका लहरीवर तपासून भागत नाही. आपल्या एका गुणकाच्या फिल्टरपुरते सांगायचे, तर गुणकाचे मान १ पेक्षा कमी असणे हीच ती अट.

म्हणून दोन्हींना ‘स्थिर’ म्हटले, तर ‘स्थिर फिल्टरचा स्थिर प्रतिसाद’ असे वाक्य तयार होते आणि त्यातला कार्यकारणभाव हरवतो. ‘स्थिर फिल्टरचा स्थिरावलेला प्रतिसाद’ असे लिहिले की एक गोष्ट दुसरीमुळे शक्य झाली हे वाक्यातच दिसते.

एक व्यावहारिक पुरवणी जोडतो. फिल्टर स्थिर असणे आणि त्याचे आउटपुट लवकर स्थिरावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुणक ०.५ असताना क्षणिक भाग एक टक्क्याखाली यायला सात नमुने पुरले, गुणक ०.९९ असेल, तर त्यासाठी ४५९ नमुने लागतात, म्हणजे सेकंदाला ८००० नमुन्यांच्या हिशेबाने सुमारे ५७ मिलिसेकंद. तेवढ्यात लहरच संपली, तर फिल्टर पूर्णपणे स्थिर असूनही आलेखावरून वाचलेली आउटपुट लहर प्रत्यक्षात कधी दिसतच नाही. अशा वेळी पहिले काही शे नमुने सोडून मग मोजमाप करावे, किंवा वर −०.४ ठेवला तसा योग्य आकडा फिल्टरमध्ये आधीच भरून ठेवावा.