सगळ्याच ईमेलवर ‘हाय इम्पॉर्टन्स’ लावल्यावर उत्तरे का येत नाहीत?

प्रश्न: मी ऑफिसच्या जवळजवळ प्रत्येक ईमेलला ‘हाय इम्पॉर्टन्स’ची लाल खूण लावतो, तरी लोक वेळेवर उत्तर देत नाहीत. आता तर पूर्वीपेक्षाही उशीर करतात. असे का होते आणि काय करावे?

उत्तर:

मी कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत उत्पादन नियोजनाचे काम पाहतो. माझ्या दिवसाचा बराच भाग मोल्डिंग, पॅटर्न शॉप, गुणवत्ता, खरेदी आणि डिस्पॅच या विभागांमधील ईमेल वाचण्यात जातो, त्यामुळे ही खूण लावणारे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणारे असे दोन्ही प्रकारचे लोक मी जवळून पाहत आलो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्याविषयी बराच गैरसमज असतो. ही खूण लावल्याने ईमेल लवकर पोहोचत नाही. आउटलुक तुमच्या ईमेलच्या अदृश्य शीर्षभागात `Importance: high` आणि `X-Priority: 1` अशा ओळी घालते. नेहमीच्या व्यवहारात सर्व्हर त्या ओळींकडे पाहून तुमचा ईमेल रांगेत पुढे घेत नाही. समोरच्याच्या आउटलुकमध्ये लाल उद्गारचिन्ह दिसते, एवढेच. जीमेलमध्ये दिसणारी पिवळी खूण निराळी आहे, ती पाठवणारा लावत नाही. वाचणाऱ्याच्या सवयी पाहून जीमेल स्वतः ठरवतो. म्हणजे खुणेची सगळी ताकद वाचणाऱ्याच्या मनात असते, आणि ती तिथूनच जाते.

ती कशी जाते, हे आकड्यांनी पाहू. समजा, मोल्डिंगच्या सुपरवायझरला दिवसाला 40 ईमेल येतात आणि त्यांपैकी 4 खरोखर आजच हाताळण्याजोगे असतात. म्हणजे डोळे मिटून कोणताही ईमेल उघडला, तरी तो तातडीचा असण्याची शक्यता दहात एक असते. आता खूण फक्त 5 ईमेलवर असेल आणि त्यात ते चारही आले असतील, तर लाल चिन्ह दिसताच तो ईमेल खरा असण्याची शक्यता पाचात चार होते. शिवाय उरलेले 35 जेवणानंतर पाहिले तरी चालतील, हेही त्याला कळते. पण खूण 32 ईमेलवर असेल, तर तेच चार खरे ईमेल 32 मध्ये वाटले जातात आणि शक्यता आठात एक उरते. काहीच खूण नसताना ती दहात एक होती. आठात एक आणि दहात एक यांतला फरक कामाच्या गडबडीत कोणाच्याही लक्षात येत नाही, त्यामुळे ती खूण आता काहीच सांगत नाही. हे शोधून काढण्यासाठी सुपरवायझरला गणित करावे लागत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अनुभवातून त्याचा हात आपोआप त्या चिन्हावरून पुढे सरकू लागतो. 1990 च्या दशकात अलार्मवर झालेल्या प्रयोगांतही हेच दिसले होते: अलार्म जितक्या वेळा खरा निघतो, साधारण तितक्याच प्रमाणात बहुतेक माणसे त्याला प्रतिसाद देतात. याला लोकांचा आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मिळालेल्या माहितीवरून ते योग्यच निष्कर्ष काढत असतात.

नुकसान मात्र खूण उधळणाऱ्याचेच होते असे नाही. एका फाउंड्रीत ग्राहकाने ग्रे आयर्नच्या एका हाउसिंगच्या ड्रॉइंगमध्ये बदल केला होता; आतील पोकळी घडवणाऱ्या कोअरचे माप बदलले होते, म्हणून सकाळचे पोअरिंग, म्हणजे साच्यांत धातू ओतणे, थांबवणे आवश्यक होते. पॅटर्न शॉपच्या माणसाने सायंकाळी पाचच्या सुमारास लाल खूण लावून ईमेल पाठवला. तो माणूस एरवी खूण क्वचितच लावायचा. परंतु त्याच दिवशी सुपरवायझरच्या इनबॉक्समध्ये हजेरीपत्रक वेळेत भरा, कँटीनची कुपने घेऊन जा, जोतिबाच्या यात्रेच्या दिवशीच्या सुट्टीचा तक्ता पाहा अशा ईमेलवरही तीच खूण होती. ड्रॉइंगचा ईमेल त्या गर्दीत न उघडता राहिला आणि जुन्या कोअरवर दोन हीट, म्हणजे वितळलेल्या धातूच्या दोन खेपा, ओतून झाल्यावर उघडला गेला. नाकारलेले कास्टिंग पुन्हा भट्टीत टाकता येते, म्हणून धातू बराचसा परत मिळतो; पण वितळवण्याची वीज, कोअर आणि मजुरी परत येत नाहीत. वाचणारा प्रत्येक पाठवणाऱ्याविषयी वेगळे मत बनवतो हे खरे, तरी चिन्ह सर्वांचे एकच असल्याने एकाच्या उधळपट्टीचा भुर्दंड दुसऱ्याला बसतो.

तुमच्याबाबतीत काय चालले आहे, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. आउटलुकमध्ये Sent Items उघडून शोधपेटीत `importance:high` असे टाका आणि गेल्या महिन्याची यादी पाहा. प्रत्येक ईमेलपुढे एकच प्रश्न विचारा: याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले असते, तर काही बिघडले असते का? त्यानंतर खूण असलेल्या आणि नसलेल्या ईमेलना उत्तर यायला लागलेला वेळ ताडून पाहा. दोन्ही सारखेच निघाले, तर तुमच्या खुणेची किंमत शून्यावर आली आहे असे समजा. तुम्ही विंडोजवरील क्लासिक आउटलुक वापरत असाल, तर File, Options, Mail असे जाऊन Send messages या भागातील Default importance level हेही पाहून घ्या. कोणीतरी कधीतरी तिथे High निवडून ठेवलेले असते आणि मग साध्या ‘धन्यवाद’वरही उद्गारचिन्ह जाते. हसू येईल, पण मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे.

यापुढे खूण लावण्यासाठी मी एकच कसोटी सुचवेन: ज्याला ईमेल पाठवत आहात, त्याने आज काही केले नाही तर नेमके काय अडेल, हे एका वाक्यात लिहिता येते का? येत असेल, तर ते वाक्य विषयओळीतच लिहा. ‘अर्जंट, कृपया लक्ष द्या’ असे लिहिण्यापेक्षा ‘उद्या सकाळी 8 चे पोअरिंग थांबवा, हाउसिंगच्या कोअरचे माप बदलले’ अशी विषयओळ लाल चिन्हावाचूनही उघडली जाते, कारण काय करायचे आणि कधीपर्यंत, हे दोन्ही ती न उघडताच सांगते. असे वाक्य सुचत नसेल, तर खूण लावू नका. आणि काम दोन तासांत व्हायला हवे असेल, तर ईमेलवर विसंबू नका: शॉपफ्लोअरवरचा माणूस संगणकासमोर बसलेला नसतो. फोन करा, आणि ठरले ते नोंदीसाठी नंतर ईमेलने पाठवा.

प्रत ठेवण्याच्या ओळीत, म्हणजे सीसीमध्ये, दहा जणांना घालून खूण लावण्याची पद्धतही सोडा. ज्या नऊ जणांना काहीच करायचे नाही, त्यांच्या दृष्टीने ती खूण खोटीच ठरते.

खूण कमी केल्यावर लगेच फरक दिसणार नाही, हेही सांगून ठेवतो. तुम्ही बदललात हे समोरच्याला माहीत नसते; शिवाय काहींनी तुमच्या खुणेचे ईमेल बाजूच्या फोल्डरमध्ये टाकणारा नियमही आउटलुकमध्ये करून ठेवला असेल, आणि तो तुम्हाला दिसत नाही. म्हणून ज्यांच्याशी रोजचा संबंध येतो त्यांना प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर सांगा की यापुढे तुमची खूण त्याच दिवशीच्या कामालाच असेल, आणि असा नियम असल्यास तो काढायला सांगा. पुढचे काही आठवडे तो शब्द काटेकोरपणे पाळा. या काळात तातडीचे काही आलेच, तर खुणेसोबत फोनही करा.